मार्चचं बिल, जूनमध्ये परत आलेला माल: एका फ्रॉड बैठकीने आमच्या चाचण्या कशा बदलल्या

ऑडिटच्या बहुतेक फाइलींमध्ये एक कागद हमखास सापडतो. वर तारीख, हजर असलेल्यांच्या सह्या आणि खाली ठरलेली तीन वाक्यं: विक्रीच्या नोंदीत फ्रॉडची जोखीम गृहीत धरली आहे, व्यवस्थापनाने नियंत्रणं डावलण्याची जोखीम गृहीत धरली आहे, टीमने साशंक राहून काम करावं. हा कागद साखर कारखान्याच्या फाइलमध्ये लावा किंवा सॉफ्टवेअर कंपनीच्या, एक शब्दही बदलावा लागत नाही. एसए 240 हे ऑडिटचं मानक नियोजनाच्या टप्प्यावर टीमने एकत्र बसून फ्रॉड कुठे होऊ शकतो याची चर्चा करायला सांगतं. चर्चेतून काही नेमकं बाहेर आलं नाही तर पुढे दोन महिने आपण मागच्या वर्षीच्याच चाचण्या करत बसतो.

आमच्या एका ऑडिटमध्ये या बैठकीने कामाचा आराखडा जवळजवळ उलटा केला. तो प्रवास इथे सविस्तर लिहिते आहे. कंपनीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि सगळे आकडे बदलले आहेत, पण आकड्यांमधलं प्रमाण कायम ठेवलं आहे.

कंपनी कीटकनाशकं आणि तणनाशकं बनवणारी, शेअर बाजारात नोंद नसलेली. उलाढाल सुमारे 310 कोटी, करपूर्व नफा 14 कोटी. विक्री महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत, बहुतेक सगळी कृषी सेवा केंद्रांमार्फत. माल कारखान्यातून डेपोत जातो, डेपोतून डीलरकडे. आधीच्या ऑडिटरची मुदत संपल्यामुळे आम्ही नव्याने आलो होतो आणि हे आमचं पहिलंच वर्ष होतं. नफ्याच्या पाच टक्के धरून आम्ही महत्त्वाच्या चुकीची मर्यादा 70 लाख ठेवली होती.

बैठक फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. वेळ महत्त्वाची होती, कारण 31 मार्चला मालाची मोजणी कुठे करायची ते अजून ठरायचं होतं. एप्रिलमध्ये बसलो असतो तर जे काही सुचलं असतं त्यातलं निम्मं करता आलं नसतं. पार्टनर सर होते, मॅनेजर म्हणून मी, एक सीनियर, तीन आर्टिकल म्हणजे शिकाऊ सीए आणि आमच्या आयटी टीममधला एक सहकारी. कंपनीचं कोणीही नव्हतं. त्यांच्या फायनान्स प्रमुखांशी आणि इंटर्नल ऑडिटरशी फ्रॉडबद्दलची विचारपूस आम्ही वेगळी केली होती आणि तिची टिपणं समोर होती.

सरांचा एक नियम आहे, या बैठकीत सगळ्यात लहान माणूस आधी बोलतो. पार्टनरने सुरुवातीलाच ‘मला वाटतं धोका स्टॉकमध्ये आहे’ असं म्हटलं की बाकीचे स्टॉकवरच बोलत राहतात. दुसरा नियम असा की व्यवस्थापन प्रामाणिक आहे ही समजूत दोन तासांपुरती दाराबाहेर ठेवायची. म्हणजे त्यांना चोर समजायचं असं नव्हे. पण ‘अहो, ते तसं करणार नाहीत’ हे वाक्य त्या खोलीत उत्तर म्हणून चालत नाही.

पहिला आर्टिकल सत्यम कंपनीच्या घोटाळ्यावर बोलला. तिच्या अध्यक्षांच्या 7 जानेवारी 2009 च्या पत्रात 5,040 कोटींची रोकड आणि बँकशिल्लक फुगवलेली असल्याची कबुली होती, तेव्हा आपण बँकेकडून थेट खात्री करून घ्यावी, असं त्याचं म्हणणं. मुद्दा चुकीचा नव्हता आणि बँकांची पत्रं आम्ही थेट मागवणारच होतो. पण सरांनी त्याला विचारलं, “या कंपनीकडे रोकड आहे का?” नव्हती. उलट कॅश क्रेडिटची मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरलेली. “मग हिला खोटं दाखवायचंच असेल तर ती कुठे दाखवेल?” या प्रश्नाने बैठक कंपनीच्या दिशेने वळली. दुसऱ्याचा घोटाळा आठवणं सोपं असतं. आपल्या कंपनीला कुठे टाचणी टोचते आहे ते पाहायला तिचा धंदा कळावा लागतो.

मग आम्ही फळ्यावर दबाव लिहायला सुरुवात केली. मागचा खरीप पावसाने खाल्लेला, त्यामुळे विक्री बजेटच्या मागे. बँक डीलरांकडच्या उधारीच्या तारणावर पैसे देते, पण 90 दिवसांपेक्षा जुनी उधारी त्या हिशोबात धरत नाही. आणि विभागीय विक्री व्यवस्थापकांचा वार्षिक इन्सेंटिव्ह 31 मार्चपर्यंतच्या बिलिंगवर मोजला जातो. ही तिसरी गोष्ट आम्हाला एचआरच्या पॉलिसीत सापडली होती. पैसे वसूल होण्याशी किंवा माल शेतकऱ्यापर्यंत जाण्याशी त्या इन्सेंटिव्हचा काही संबंध नव्हता. बिल निघालं की काम झालं.

सीनियर म्हणाला, “मार्चमध्ये विक्री जास्त दिसणारच. या धंद्यात प्लेसमेंट सगळेच करतात.” हे खरं आहे. सोयाबीनचं तणनाशक शेतकरी जून-जुलैत घेतो, पण कंपन्या मार्चपासूनच डीलरकडे माल लावायला लागतात, म्हणजे मोसम सुरू झाला की दुकानाच्या फळीवर आपला डबा आधी दिसतो. धंद्याच्या भाषेत डीलरकडे माल लावणं म्हणजे प्लेसमेंट आणि डीलरकडून शेतकऱ्याला विकला जाणं म्हणजे लिक्विडेशन. जे विकलं जात नाही ते परत येतं. त्यामुळे नुसती मार्चमध्ये विक्री वाढली म्हणून बोट दाखवता येत नाही.

तेव्हा दुसऱ्या वर्षाची आर्टिकल बोलली. ती डिसेंबरमध्ये अकोल्याच्या डेपोवर मधल्या मोजणीसाठी गेली होती. मोजणी नीट झाली होती, फरक नव्हता, तिच्या वर्किंग पेपरमध्ये लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण डेपो सांभाळणारे काका तिला चहा देताना म्हणाले होते, “मार्चमंदी या तुमी. तवा इथं पाय ठेवायले जागा नसते. बिल झालेला माल लाल सुतळी बांधून वेगळा ठेवा लागते.” तिने ते सांगितलं आणि लगेच म्हणाली, “सर, याचा फ्रॉडशी संबंध आहे की नाही माहीत नाही.”

फळ्यावर लिहिलेल्या सगळ्यापेक्षा हे वाक्य मोलाचं होतं. डीलरकडे माल पोचवला आणि तो पुढे काही प्रमाणात परत आला, तर तो परतीच्या तरतुदीचा प्रश्न आहे. बिल झालं, विक्री नोंदली आणि माल आपल्याच डेपोत सुतळी बांधून पडला आहे, ही गोष्ट वेगळी. कंपनीला लागू असलेल्या एएस 9 या विक्री नोंदवण्याच्या मानकामध्ये अशा विक्रीलाही जागा आहे, पण अटींवर: ताबा उशिरा घेण्याची विनंती खरेदीदाराची हवी, बिल आणि मालकी त्याने स्वीकारलेली हवी आणि माल हातात, वेगळा काढलेला, द्यायला तयार असा हवा. लाल सुतळीने माल वेगळा काढल्याचं सिद्ध होत होतं. पण विनंती कोणाची होती? डीलरची, की इन्सेंटिव्ह मोजणाऱ्या व्यवस्थापकाची?

यानंतर आयटीच्या सहकाऱ्याने आणखी एक शक्यता मांडली. बँक जुनी उधारी धरत नाही, म्हणून जुन्या बिलाची रक्कम डीलरच्या खात्यातून वजा करणारी क्रेडिट नोट काढून त्याच मालाचं नवं बिल करता येतं. उधारी तीच, तारीख ताजी. हेही फळ्यावर गेलं.

बैठकीच्या शेवटच्या अर्ध्या तासात सरांनी मला निष्कर्ष लिहायला सांगितले आणि माझं पहिलं वाक्य परत केलं. मी लिहिलं होतं, ‘मार्चमध्ये विक्री वाढवून दाखवण्याची जोखीम.’ ते म्हणाले, “हे वाचून उद्या आर्टिकल नेमकं काय वेगळं करेल?” मग आम्ही सगळ्यांनी मिळून ते असं केलं: ‘विभागीय विक्री व्यवस्थापक इन्सेंटिव्हसाठी 21 ते 31 मार्च या काळात डीलरच्या मागणीशिवाय बिलं काढतील, माल डेपोतच राहील आणि तो एप्रिल ते जूनमध्ये क्रेडिट नोटने परत घेतला जाईल.’ आता वाक्यात कोण, कशासाठी, कधी, कुठे आणि लपवणार कसं हे सगळं होतं. अशा वाक्यातला प्रत्येक तुकडा एक चाचणी मागतो.

आमचा आधीचा आराखडा नेहमीसारखा होता. वर्षभरातून 60 बिलांचं सॅम्पल, विक्री योग्य वर्षात नोंदली का हे पाहणाऱ्या कट-ऑफ चाचणीसाठी वर्षअखेरच्या दोन्ही बाजूंची थोडी बिलं, सर्वांत मोठ्या 20 डीलरांना शिल्लक विचारणारी पत्रं, कारखान्यात आणि दोन मोठ्या डेपोंवर मोजणी, आणि ठरावीक रकमेपुढच्या जर्नल एन्ट्री. बैठकीतलं वाक्य समोर ठेवून पाहिलं तर यातली एकही चाचणी तो प्रकार पकडणारी नव्हती. कट-ऑफमध्ये बिल 30 मार्चचं आणि नोंदही 30 मार्चची, म्हणून ते पास झालं असतं. मोजणीत लाल सुतळीचा माल ‘डीलरचा आहे’ म्हणून बाजूला ठेवला गेला असता, आणि पुस्तकातला स्टॉक व जागेवरचा स्टॉक तंतोतंत जुळला असता. डीलरने पत्रावर शिल्लक बरोबर आहे अशी सही केली असती, कारण बिल त्याच्या खात्यात खरोखरच पडलेलं होतं. सगळीकडे टिकमार्क आणि तरीही विक्री खोटी.

बदल मोजणीपासून सुरू झाले. कोणत्या डेपोवर येणार हे कंपनीला आधी सांगायचं नाही असं ठरलं. कारखान्याची मोजणी कळवूनच केली, कारण उत्पादन थांबवावं लागतं. डेपोंची नावं मात्र 31 मार्चच्या सकाळी फायनान्स प्रमुखांना फोनवर सांगितली. ते नाराज झाले. सरांनी त्यांना एवढंच सांगितलं की चाचण्यांमध्ये थोडा अनपेक्षितपणा ठेवणं हे मानकातच आहे. आर्टिकलना सूचना वेगळी होती: बाजूला ठेवलेला मालही मोजायचा, प्रत्येक ढिगावरचा बॅच नंबर आणि त्यावर चिकटवलेला बिल नंबर उतरवून घ्यायचा, फोटो काढायचा. अकोल्यात आणि मराठवाड्यातल्या एका डेपोवर अशा मालाच्या याद्या पानंच्या पानं भरल्या. तिसऱ्या डेपोवर एकही ढीग नव्हता. तिथला विभागीय व्यवस्थापक वेगळा होता.

दुसरा बदल मला सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण तो कुठल्याही माल विकणाऱ्या कंपनीत करता येतो. सॅम्पल सोडून आम्ही त्या 11 दिवसांतली सगळी बिलं घेतली. 412 बिलं होती, 38 कोटींची. त्यांच्यासमोर ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहतुकीसाठी जीएसटीत लागणाऱ्या परवान्याचा डेटा लावला. ई-वे बिलाचे दोन भाग असतात. भाग अ मध्ये मालाची आणि बिलाची माहिती, भाग ब मध्ये गाडीचा नंबर. भाग अ बिलासोबतच तयार करता येतो, पण भाग ब भरल्याशिवाय मालाला रस्त्यावर जायची परवानगी नाही. त्यामुळे बिलाची तारीख आणि भाग ब भरल्याची तारीख यांच्यात अंतर असेल, तर तेवढे दिवस माल हललेला नाही असं समजायला जागा आहे. भाग ब कोराच असेल किंवा ई-वे बिल 24 तासांत रद्द झालं आणि मूळ बिल मात्र तसंच राहिलं, तर प्रश्न आणखी मोठा. हा डेटा आम्ही कंपनीने पाठवलेल्या एक्सेलवर घेतला नाही. आमचा माणूस शेजारी बसला आणि त्यांच्या लॉगिनमधून पोर्टलवरून उतरवून घेतला.

या चाचणीला मर्यादा आहे. महाराष्ट्राच्या आत एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, आणि छोट्या डीलरांची बरीच बिलं त्याच्या खाली होती. त्यांच्यासाठी आम्ही बिल्टी आणि ट्रान्सपोर्टरची भाड्याची बिलं धरली. भाड्याचं खातं रकमेने इतकं लहान की आधीच्या आराखड्यात त्याला हातही लागणार नव्हता. पण खोटं विक्रीबिल काढणारा माणूस ट्रान्सपोर्टरला भाडं देण्याची तसदी सहसा घेत नाही.

412 पैकी 57 बिलं बाहेर पडली. भाग ब कोरा, किंवा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भरलेला, किंवा बिल्टीच नाही. एकूण रक्कम 4.2 कोटी, 19 डीलर, दोनच डेपो. मोजणीच्या यादीतले लाल सुतळीवाले बिल नंबर या 57 मध्ये जवळजवळ सगळे सापडले. या मालावर कंपनीला ढोबळ नफा साधारण 30 टक्के सुटतो, म्हणजे वर्षाच्या नफ्यात सव्वा कोटीचा प्रश्न होता आणि आमची मर्यादा 70 लाखांची.

कंपनीचं उत्तर तयार होतं. त्यांनी डीलरांची पत्रं दिली, प्रत्येकावर दुकानाचा शिक्का आणि सही: ‘आमच्या गोदामात जागा नसल्याने माल आपल्या डेपोत ठेवावा, डिलेव्हरी नंतर घेऊ.’ कागदोपत्री एएस 9 ची अट पूर्ण. मी ती सगळी पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. अकोल्याचा डीलर, परभणीचा डीलर, कोणाचा शिक्का निळा, कोणाचा जांभळा. पण मजकूर अक्षरशः एकच आणि ‘डिलेव्हरी’ हा शब्द प्रत्येक पत्रात तसाच चुकीचा. तारखा मार्चच्या वेगवेगळ्या आणि कागद सगळीकडे एकाच जातीचा. यावरून काही सिद्ध होत नाही. कंपनीने सोयीसाठी नमुना दिला असेल आणि डीलरने मनापासून सही केली असेल, असंही होऊ शकतं. पण यानंतर या पत्रांवर पुरावा म्हणून विसंबता येत नव्हतं.

इथे बैठकीत ठरवलेला तिसरा बदल कामाला आला. डीलरांना पत्रं पाठवताना मोठी शिल्लक हा निकष आम्ही सोडला होता. मार्चअखेर बिलं आणि एप्रिलनंतर क्रेडिट नोट असलेले डीलर निवडले, त्यात हे 19 होते. आणि पत्रात शिल्लकेच्या प्रश्नासोबत अटी विचारल्या: हा माल तुम्ही मागवला होता का, 31 मार्चला तो कुठे होता, न विकल्यास परत घेण्याचं कोणी कबूल केलं आहे का, पैसे कधी द्यायचे ठरलं आहे? पत्रं आम्ही स्वतः टपालात टाकली आणि उत्तरं थेट आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवली. पत्ते कंपनीच्या यादीतून घेऊन जीएसटी पोर्टलवरच्या नोंदीशी ताडून पाहिले. दोन पत्ते जुळले नाहीत, तिथे पोर्टलवरच्या पत्त्यावर पाठवलं.

नुसत्या शिल्लकेचं पत्र असतं तर सगळ्यांनी ‘बरोबर’ लिहून पाठवलं असतं असं मला आजही वाटतं. 14 उत्तरं आली. पाच डीलरांनी स्पष्ट लिहिलं की जागा नव्हती, आम्हीच माल ठेवायला सांगितला, आणि त्यातल्या दोघांनी तो मे महिन्यात उचलल्याची बिल्टीही जोडली. नऊ डीलरांनी माल मागवलाच नव्हता असं लिहिलं. एकाने शिक्क्याखाली हाताने लिहिलं होतं, ‘साहेब म्हणाले बिल घेऊन ठेवा, मोसमात लागेल तेवढं उचला, बाकी आम्ही परत घेऊ.’ उरलेल्या पाचजणांचं उत्तर आलं नाही. त्यांच्याबाबतीत आम्ही जूनअखेरपर्यंतची वसुली आणि माल उचलल्याची नोंद पाहिली. दोन्ही नव्हतं.

जूनअखेर हा शब्द सहज लिहिला, पण त्यावरून बरीच ओढाताण झाली. कंपनीला बँकेसाठी सह्या केलेला ताळेबंद मे महिन्यातच हवा होता. आमच्या जोखमीच्या वाक्यात ‘एप्रिल ते जूनमध्ये परत घेतला जाईल’ असं होतं आणि मेमध्ये सही केली असती तर त्या वाक्याचा शेवटचा तुकडा तपासायचाच राहिला असता. बैठकीचं टिपण हाताशी असल्यामुळे सरांना बोर्डापुढे फेब्रुवारीतच सांगता आलं होतं की सही जुलैच्या मध्याआधी होणार नाही. जूनअखेरपर्यंत 57 पैकी 41 बिलांवर क्रेडिट नोटा निघाल्या. त्यांची कारणं ‘रेट डिफरन्स’, ‘स्कीम’, ‘डॅमेज’ अशी वेगवेगळी टाकली होती. बॅच नंबर मात्र 31 मार्चच्या मोजणीतलेच होते, म्हणजे माल डेपोतून हललाच नव्हता.

परतीच्या मालाची तरतूदही आम्ही वेगळ्या नजरेने पाहिली. नेहमी आपण यंदाचा टक्का योग्य आहे का ते विचारतो. इथे आधी मागच्या वर्षीची तरतूद आणि त्यानंतर प्रत्यक्ष आलेला माल यांची तुलना केली. तरतूद दीड कोटीची, आलेला माल जवळपास चार कोटींचा. अंदाज चुकू शकतो, पण तो नेहमी नफा वाढवणाऱ्याच बाजूला चुकत असेल तर तो कल आहे. यंदाची तरतूद आम्ही प्रत्यक्ष परतीच्या आकड्यांवरून वाढवून घेतली.

जर्नल एन्ट्रींबाबत रकमेची अट काढून टाकली. निकष असे ठेवले: विक्री किंवा परतीच्या खात्याला हाताने टाकलेली नोंद, 25 मार्चनंतरची किंवा वर्ष बंद झाल्यावरची, आणि एरवी नोंदी न करणाऱ्या माणसाच्या लॉगिनची. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांचा माग ठेवणं सक्तीचं झालं आहे, त्यामुळे क्रेडिट नोटवरचं कारण नंतर कोणी बदललं हेही दिसतं. सहा नोटांवरचं कारण ‘परत माल’ वरून ‘स्कीम’ असं बदललं होतं आणि ते बदलणारं लॉगिन विक्री विभागाचं होतं. विक्री विभागाला हिशोबाच्या नोंदीत लिहिण्याचा अधिकार असायचं काही कारण नव्हतं.

जुनी उधारी ताजी करण्याच्या शक्यतेवर आम्ही चार दिवस घालवले. त्याच डीलरची त्याच बॅचची क्रेडिट नोट आणि नवं बिल 30 दिवसांच्या आत आहे का, अशी जोडी संपूर्ण वर्षात शोधली. ज्या थोड्या जोड्या निघाल्या त्या दर दुरुस्तीच्या होत्या आणि कागदपत्रं नीट होती. फाइलमध्ये तेही तितक्याच सविस्तर लिहिलं. बैठकीत मांडलेली प्रत्येक शक्यता खरी निघाली असती तर मला उलट शंका आली असती की आपण आधीच माहीत असलेलंच फळ्यावर लिहिलं.

हा सगळा वेळ आला कुठून? वर्षभराच्या पसरट सॅम्पलमधून. एप्रिल ते फेब्रुवारीच्या विक्रीवरची अंतर्गत नियंत्रणं आम्ही तपासली होती आणि ती चालत होती, म्हणून त्या काळातली 60 बिलं 40 वर आणली. ते कमी का केलं याचं कारण सरांनी स्वतः लिहिलं.

शेवटी पाच डीलरांची 60 लाखांची विक्री राहिली आणि बाकीच्या 14 जणांची 3.6 कोटींची विक्री कंपनीने उलटवली. नफा एक कोटी आठ लाखांनी कमी झाला. पण आकडा दुरुस्त झाल्याने काम संपत नव्हतं. एकसारखी पत्रं, बदललेली कारणं आणि दोनच विभागांपुरता हा प्रकार, यावरून ही चूक नसून हेतुपुरस्सर केलेलं आहे असं मानायला पुरेसं कारण होतं. कंपनी कायद्याच्या कलम 143(12) खाली, अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने कंपनीत एक कोटी किंवा त्याहून जास्त रकमेचा फ्रॉड केला आहे असं ऑडिटरला सकारण वाटलं तर तो आधी बोर्डाला किंवा ऑडिट कमिटीला कळवतो, समजल्यापासून दोन दिवसांच्या आत. उत्तरासाठी 45 दिवस देतो, आणि उत्तर आल्यावर 15 दिवसांत आपला अहवाल त्या उत्तरासह फॉर्म एडीटी-4 मध्ये केंद्र सरकारकडे पाठवतो. सरांनी वकिलांशी बोलून ते पत्र त्याच मुदतीत दिलं. दोन दिवस फार कमी असतात. घटना, रकमा, माणसांची भूमिका आणि आपण कशावरून म्हणतो हे सगळं आधीच जागच्या जागी लिहिलेलं नसेल तर ते पत्र धड होत नाही. आमच्याकडे ते फेब्रुवारीच्या टिपणापासून क्रमाने होतं.

त्या पत्राच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा एकत्र बसलो. मानक नियोजनावेळी चर्चा करायला सांगतं, पण फ्रॉडची खूण सापडली की आधीचे बाकीचे निष्कर्षही पुन्हा तपासावे लागतात. विक्री विभागाने दिलेल्या कोणकोणत्या कागदांवर आपण इतर ठिकाणी विसंबलो आहोत, हा त्या बैठकीचा एकच विषय होता. डीलर स्कीमची देणी आणि बुडीत उधारीची तरतूद या दोन्ही ठिकाणी आधार त्यांच्याच याद्यांचा निघाला. दोन्ही कामं हिशोब विभागाच्या मूळ नोंदींवरून नव्याने केली. स्कीमच्या देण्यात 22 लाखांची भर पडली, बुडीत उधारीत काही बदललं नाही.

पुढच्या वर्षीच्या बैठकीसाठी फाइलच्या सुरुवातीला मी एक टिपण ठेवलं आहे. आपण भाग ब ची तारीख पाहतो हे आता कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. माल खरोखर गाडीत घालून बाहेर काढायचा, एखाद्या भाड्याच्या गोदामात उतरवायचा आणि जूनमध्ये परत आणायचा, हा यावरचा सरळ उपाय आहे. त्या गाडीचं ई-वे बिल पूर्ण असेल, बिल्टी असेल, भाडंही दिलेलं असेल. तेव्हा यंदा भाड्याच्या बिलावर माल उतरवल्याची जागा आणि डीलरचा नोंदणीकृत पत्ता जुळतो का हे पाहायचं, मार्चमध्ये कंपनीने नवी गोदामं भाड्याने घेतली का ते भाडेखात्यातून काढायचं, आणि चार-सहा कृषी सेवा केंद्रांत 31 मार्चला स्वतः जाऊन माल फळीवर आहे का ते बघायचं. इन्सेंटिव्हची पॉलिसी बदलून ती वसुलीवर बेतली आहे असं बोर्डाने कळवलं आहे. तसं असेल तर दबावाची जागाही हलली असणार आणि मार्चअखेर डीलरच्या नावावर जमा झालेला पैसा नेमका कोणाच्या खात्यातून आला, हा फळ्यावरचा पहिला प्रश्न राहील.